आबांचं घड्याळ

आबांच्या हातात मावेल असं हत्यार घरात एकच होतं, दोन नंबरची पाइपपक्कड. सदतीस वर्षं ते जिनिंगमध्ये फिटर होते. बोटांची पेरं सुपारीएवढी, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. असा माणूस १९९२च्या उन्हाळ्यात छत्रीची काडी घेऊन ओसरीवर बसला आणि तिचं टोक पाणदगडावर घासायला लागला, तेव्हा मला वाटलं ऊन लागलं असावं.

"काय करी ऱ्हायनात आबा?"

"पेचकस."

काडीचं टोक आधी चुलीत लाल केलं होतं, ठोकून चपटं केलं होतं, मग पाण्यात बुडवलं होतं. आता घासणं चाललं होतं. दर दहा-बारा घासांनी आबा ते टोक डोळ्याजवळ नेत आणि पुन्हा घासायला लागत. मूठ बाभळीच्या लाकडाची. संध्याकाळपर्यंत जे तयार झालं ते माझ्या करंगळीपेक्षा थोडं लांब होतं, आणि टोक ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याने.

हा सगळा खटाटोप भिंतीवरच्या घड्याळासाठी होता. जिन बंद पडली तेव्हा आबांचे काही पगार राहिले होते. पैसे निघाले नाहीत, ऑफिसातलं घड्याळ निघालं. रोमन आकडे, तबकडीवरचं कंपनीचं नाव उडालेलं, खाली काचेच्या दारामागं पितळी लोलक. एकदा चावी दिली की आठ दिवस चालायचं, म्हणजे चालत होतं तेव्हा. माझ्या आठवणीत ते कायम सव्वासातच वाजवून बसलेलं. मोठी माय त्याच्या दारात लाइटची बिलं खोचायची.

आमचं गाव अमळनेरपासून जवळ, बोरीच्या काठावर. घर धाब्याचं, त्यामुळे मे महिन्यातही आत बरं असायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फुई आली होती, बाबांची बहीण, पोरीला घेऊन. माहेरी आलेल्या बाया झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, गल्लीत दंगा करतात. आमची फुई आली की पहिले दोन दिवस नुसती झोपायची. मोठी माय तिला उठवायची नाही. आम्हालाही उठवू द्यायची नाही. कोणी कढई जरी आपटली तरी "हळू!" म्हणून ओरडायची, आणि त्या ओरडण्यानंच फुई जागी व्हायची.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आबांनी घड्याळ उतरवलं.

मला वाटलं होतं तासाभराचं काम. आबांनी पहिल्या दिवशी फक्त चाव्या उतरवल्या. आत दोन कमानी असतात, एक काटे चालवायला, एक ठोके द्यायला. बंद घड्याळातही कमान भरलेली असू शकते, तशीच खोलली तर बोट तुटतं. चावी घट्ट धरायची, खिट्टी जरा उचलायची, एक दात सोडायचा, खिट्टी पुन्हा टेकवायची. कर्रर्र, थांबणं. कर्रर्र, थांबणं. दोन कमानी सोडायला दुपार गेली. मी मधून मधून विचारत होतो, "व्हयनं का आबा?"

"काय घाई शे तुले? नऊ वरीस बंद शे, आखो नऊ दिन कायबी व्हत नही."

दुसऱ्या दिवशी यंत्र खोक्यातून बाहेर आलं. पितळेच्या दोन पट्ट्या, मध्ये चाकं, आणि सगळ्यावर काळी साय. आबांनी नखानं थोडी खरवडली. गुळाच्या पाकासारखी चिकट.

"मरेल नही शे हाई," आबा म्हणाले. "तेल पी पी तुंबेल शे."

"कोन पाजं एवढं तेल?"

आबा जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच."

ती गोष्ट मला मोठ्या मायकडून कळली. फुईच्या लग्नाच्या सकाळी घड्याळ अडखळायला लागलं. मांडव भरलेला, व्याही ओसरीवर, आणि आबांना मुहूर्ताच्या वेळी ठोके पडायला हवे होते. त्यांनी जिनच्या मशीनचं तेल आणलं आणि पाच मिनिटांत वरून सगळं ओतलं. घड्याळ चाललं. महिनाभर चाललं आणि मग जे थांबलं ते थांबलंच. फुईचं लग्नही तसंच ठरलं होतं म्हणे, जिनच्या फाटकावर, एका चहात. मोठी माय हे दाणे निवडता निवडता सांगत होती आणि बोलता बोलता गप्प झाली.

खरी कसोटी एका स्क्रूनं घेतली. लोलकाचा हेलकावा चाकापर्यंत नेणारा एक वाकडा तुकडा असतो, बोटीच्या नांगरासारखा. तो एका छोट्या पट्टीवर बसलेला, पट्टीला दोन स्क्रू. एक सुटला. दुसरा गंजून पितळेशी एकजीव झालेला. डोकं मोहरीपेक्षा थोडं मोठं, त्यावरची खाच अर्धी झिजलेली. जोर लावला तर खाच जाणार, आणि खाच गेली की संपलं.

आबांनी काडीनं रॉकेलचा एक थेंब त्यावर सोडला आणि परात झाकून ठेवली. "चाल, आते जेवाले."

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक थेंब. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेचकस खाचेत बसवला, डाव्या हाताच्या तर्जनीनं मूठ वरून दाबली, श्वास धरला, आणि स्क्रू आधी आवळला. उलटा! मी म्हणालो, चुकलं. आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आवळल्यानं गंज तडकतो, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी डिप्लोमाला शिकवलं गेलं. मग डावीकडे, अगदी केसभर. थांबले. पुन्हा केसभर. आबांच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमला होता. तो घड्याळावर पडू नये म्हणून फुईनं पाठीमागून पदरानं टिपला. ती कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही.

"सुटना," आबा म्हणाले.

पुढचं काम फुईनं आणि आबांनी मिळून केलं. माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तिनं प्रत्येक चाकाची जागा काढली. चाकं रॉकेलमध्ये धुतली, जुन्या धोतराच्या चिंध्यांनी पुसली. आसांची भोकं साफ करायला आबांनी पऱ्हाटीच्या काड्या टोकदार तासल्या. काडी भोकात घालून फिरवायची, काळी निघाली की टाकून नवी घ्यायची, पांढरी निघेपर्यंत. एकेका भोकाला सात-आठ काड्या. फुई हे करता करता बोलायची. काय बोलायची ते मला आता आठवत नाही, कारण तेव्हा मला गावाबाहेर क्रिकेट खेळायला जायचं असायचं. आबा "हां" म्हणत होते, एवढं आठवतं. बापलेक समोरासमोर बसून इतका वेळ बोलताना मी त्याआधी पाहिले नव्हते.

तेल अमळनेरच्या घड्याळजीकडून आलं, औषधाच्या ड्रॉपरएवढ्या बाटलीत. सुईच्या टोकावर जेवढं राहील तेवढंच, तेही फक्त आसांच्या भोकांत. दात कोरडेच ठेवायचे. घड्याळजीनं आबांना आणखी एक सांगितलं होतं आणि आबांनी ते मला सांगितलं: उन्हाळ्यात लोलकाची दांडी तापून जरा लांबते, त्यामुळे घड्याळ थंडीपेक्षा दिवसाला दहा-पंधरा सेकंद मागं पडतं. मला ही माहिती फार आवडली. गल्लीतल्या सगळ्या पोरांना मी ती दिली.

घड्याळ पुन्हा भिंतीवर चढलं त्या रात्री लाइट गेलेली होती. आबांनी लोलकाला बोट लावलं.

टिक... टकटिक... टक.

"लंगडी ऱ्हायनं," आबा म्हणाले. डोळे मिटून, कान खोक्याला लावून उभे. मग हात घालून आतली तार जराशी वाकवली. ऐकलं. उलट बाजूला वाकवली. ऐकलं. पाच-सहा वेळा असं झाल्यावर टिक आणि टक यांच्यातलं अंतर सारखं झालं. मोठी माय, जी आठ दिवस "त्या डब्बाले भंगारमा दी टाक" म्हणत होती, ती अंधारात म्हणाली, "जुना आवाज शे."

ठोक्यांचा मात्र घोळ होता. नऊ वाजता चार पडले. या घड्याळाला काटे कुठे आहेत याच्याशी देणंघेणं नसतं, ते आपलं ओळीनं मोजत जातं, एक, दोन, तीन. आबांनी तार उचलून उचलून त्याला पाचापासून नवापर्यंत मोजायला लावलं. एवढे ठोके ऐकून शेजारचे काका कंदील घेऊन विचारायला आले की काय झालं.

एकादशीला अमळनेरात सखाराम महाराजांचा रथ असतो. आम्ही सगळे गेलो, बोरीच्या वाळूत पोरीनं पाळण्यात बसायचा हट्ट केला, फुईनं बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी तिला परत जायचं होतं. चारची एसटी. तशी चिठ्ठीच आली होती सासरहून.

त्या दुपारी सगळे जेवून पडले. बाबा शेतात गेलेले, मनगटी घड्याळ त्यांच्याच हाताला. फुईची पिशवी दाराशी भरून ठेवलेली, वर कुरडयांचा डबा. मी भिंतीला पाठ लावून झोपलो होतो आणि अचानक मला जाग आली. कशानं ते आधी कळेना. मग लक्षात आलं, काहीच ऐकू येत नव्हतं. तीन दिवसांत कानाला टिकटिकीची इतकी सवय झाली होती. डोळे किलकिले केले तर घड्याळासमोर आबा पाठमोरे उभे, काचेचं दार उघडं, हात आत. मी पुन्हा डोळे मिटले. किती वेळ गेला देव जाणे. मला डुलकी लागत होती तेव्हा टिकटिक पुन्हा सुरू झाली.

एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा फुई आरशासमोर कुंकू लावत होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून पंचवीस मिनिटं. ती धावत दाराशी गेली तोवर फाट्यावर धूळ उठली होती.

"आबा, गाडी गई!"

आबा ओसरीवर सुपारी कातरत होते. "उन्हामुये लोलक लांबस पोरी," ते म्हणाले. "घड्याय मांगे पडस."

"आते काय करू?"

"काय करशी? सकायनी गाडी शे."

मी तोंड उघडलं. दिवसाला दहा-पंधरा सेकंद, मला पाठ होतं. आबांनी अडकित्ता थांबवून माझ्याकडे पाहिलं, आणि अर्धी सुपारी माझ्या तळहातावर ठेवली, जी मला एरवी कधी मिळत नसे.

फुईनं पिशवी उचलून आत नेली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, रात्री भरीत करू का म्हणून विचारत होती.