विषय: मंगळवारी राहून गेलेली मुलाखत (अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह)

नमस्कार स्नेहल,

काल, मंगळवार 10 जून रोजी सकाळी 11 वाजता तुमची व्हिडिओ कॉलवर मुलाखत ठरली होती. सोमवारी संध्याकाळी तुम्ही 'हो, वेळेवर जॉइन होते' असं कळवलंही होतं. आम्ही तिघं 11 वाजून 25 मिनिटांपर्यंत कॉलवर थांबलो. मधल्या वेळात मी तुम्हाला दोनदा फोन केला, पण तो उचलला गेला नाही. दुपारी एक मेसेजही टाकला होता. आज सकाळपर्यंत त्याचं उत्तर आलेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सगळ्यात आधी, तुम्ही ठीक असाल अशी आशा आहे. अचानक आजारपण येतं, घरात काही होतं, फोनच बंद पडतो. तसं काही झालं असेल तर त्याचा तपशील किंवा पुरावा आम्हाला नको. 'येणं जमलं नाही' एवढं एक वाक्य पुरेसं आहे.

तरी एक गोष्ट स्पष्टच सांगते. आमच्या अकाउंट्सच्या प्रमुखांनी मे महिन्याचं क्लोजिंग अर्धवट ठेवून तो तास मोकळा केला होता. पाच मिनिटं आधी जरी 'आज नको' असा निरोप आला असता, तरी कुणालाही काही वाटलं नसतं. वेळ बदलून मागणारे उमेदवार आम्हाला नेहमीच भेटतात आणि त्यात वावगं काही नाही. न कळवता राहून गेल्याची नोंद मात्र आम्हाला करावी लागते, तशी ती केली आहे.

एरवी अशा वेळी आम्ही पुढच्या उमेदवाराकडे वळतो. तुमच्या बाबतीत थांबलो ते तुमच्या लेखी चाचणीमुळे. बँक रिकन्सिलिएशनच्या प्रश्नात न वटलेले चेक आणि बँक चार्जेस वजा केल्यावरही 540 चा फरक उरत होता. बहुतेकांनी तो सस्पेन्समध्ये टाकून पान उलटलं. तुम्ही मात्र समासात लिहिलं होतं, '540 ला 9 ने भाग जातो, आकडे उलटसुलट झालेत का बघते', आणि खाली 3,820 ऐवजी 3,280 लिहिलेली नोंद शोधून काढली होती. समासातलं ते एक वाक्य आमच्या प्रमुखांनी मला मुद्दाम आणून दाखवलं. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच विचारायचा होता.

म्हणून आणखी एक संधी देत आहोत. सोमवार 16 जून, सकाळी 11 किंवा मंगळवार 17 जून, दुपारी 4.30 यांपैकी जी वेळ सोयीची असेल ती शुक्रवार 13 जून, संध्याकाळी 5 पर्यंत याच ईमेलला उत्तर देऊन कळवा. मुलाखत साधारण 40 मिनिटांची असेल. सध्या दुसरीकडे नोकरी करत असाल आणि दिवसा बोलणं अवघड असेल तर तेही मोकळेपणाने सांगा, संध्याकाळी 7 नंतरची वेळ बघता येईल.

कालच्या निमंत्रणात फक्त कॉलची लिंक होती. ती उघडली नाही तर कुणाला फोन करायचा, हे त्यात कुठेच दिलेलं नव्हतं. ती चूक आमची. नव्या निमंत्रणात माझा थेट नंबर असेल. लिंक उघडली नाही, नेट गेलं, काहीही झालं तरी त्यावर फोन करा, आपण फोनवरच बोलू.

मुलाखतीत मंगळवारी काय झालं असं कुणीतरी विचारेलच. त्याचं दडपण घेऊ नका, जे असेल ते दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला. मात्र ही वेळही न कळवता चुकली, तर पुन्हा वेळ देता येणार नाही.

कदाचित तुम्ही दुसरी ऑफर घेतली असेल, किंवा हे काम आपल्यासाठी नाही असं वाटलं असेल. तसं असेल तर संकोच न करता लिहा. नकार देणं अवघड वाटतं म्हणून गप्प बसणारे पुष्कळ असतात, पण तुमचा नकार लवकर कळला तर रांगेतल्या पुढच्या व्यक्तीला आम्ही त्याच दिवशी बोलावू शकतो.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काहीच उत्तर आलं नाही, तर तुम्हाला या पदात रस उरलेला नाही असं समजून या जागेसाठीचा तुमचा अर्ज आम्ही बंद करू. त्यासाठी वेगळा ईमेल पाठवणार नाही, आणि फोन करून मागेही लागणार नाही. पुढे दुसरी जागा निघाली आणि तुम्हाला अर्ज करावासा वाटला तर जरूर करा. या एका प्रसंगावरून तो बाजूला टाकला जाणार नाही. चाचणीचा पेपर आमच्याकडे सहा महिने राहतो, त्यामुळे तेवढ्या काळात ती पुन्हा द्यावी लागणार नाही.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
भरती समन्वयक,
मनुष्यबळ विभाग