वाढ व विकास सारांश: मुलगी, 10 महिने 14 दिवस (करेक्टेड वय 9 महिने)

दि. 26 जून 2025. जन्म 12 ऑगस्ट 2024, 34 आठवडे, 1.94 किलो. ओपीडीच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड आणि अंगणवाडीची नोंद एकत्र करून लिहिले. पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा सहा आठवडे आधी जन्म, म्हणून सर्व नोंदी करेक्टेड वयावर, डब्ल्यूएचओच्या मुलींच्या तक्त्यावर लावल्या आहेत.

वजन / लांबी / डोक्याचा घेर
0 महिने (23/9): 2.9 किलो / 48 सेंमी / 34 सेंमी
3 महिने (24/12): 5.3 / 58.5 / 39.2
6 महिने (25/3): 6.8 / 64.4 / 41.9
9 महिने (आज): 7.0 / 68.6 / 43.6, दंडघेर 12.9 सेंमी

डोके आणि लांबी आपापल्या रेषेवर आहेत. वजन नाही. तीन महिन्यांत फक्त 200 ग्रॅम; मार्चमध्ये -1 एसडीच्या वर होती, आज -1 आणि -2 च्या मध्ये. अंगणवाडीतील 18 जूनची 7.8 किलोची नोंद तक्त्यावर घेतलेली नाही. आईच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा स्वेटर, टोपी, डायपर सगळे अंगावर होते. आज उघडे वजन दोनदा केले, दोन्ही वेळा 7.0. ती नोंद धरली तर वजनाची घसरण दिसतच नाही, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

मे महिन्यात पाच दिवस जुलाब. वरचे खाणे म्हणजे वरणाचे पाणी आणि चहात बुडवलेले बिस्किट. लोहाचे थेंब मार्चनंतर बंद, बाटली संपली आणि पुन्हा आणली नाही.

विकास (करेक्टेड वय): हसू दीड महिन्याला, मान साडेतीन महिन्यांत धरली, कुशीवर वळणे पाच. 10 मेच्या चिठ्ठीवर "नऊ महिने, बसत नाही, विलंब?" असे आहे. त्या दिवशी करेक्टेड वय साडेसात महिने होते. आधाराविना बसण्याची डब्ल्यूएचओची मर्यादा 9.2 महिन्यांपर्यंत जाते. आठव्या महिन्यात बसू लागली, त्यामुळे "विलंब" हा शेरा पुढे नेऊ नये. आज समोर पाहिले: आधाराविना बसते, खुळखुळा एका हातातून दुसऱ्या हातात घेते, चुरमुरा पूर्ण मुठीने ओढते (चिमटीत पकड अजून नाही), "बाबाबा" म्हणते, मला पाहून आईच्या पदरात तोंड लपवले. रांगत नाही, तूर्त चिंता नाही.

अपुरे: डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी (10/9) नोंदलेली, आरओपी नाही, पुढच्या तपासणीचा कागद सापडला नाही. कानांची तपासणी "झाली" असे आई सांगते, रिपोर्ट नाही. कागद आणायला सांगितले. न मिळाल्यास दोन्ही तपासण्या पुन्हा.

सुचवलेले: हिमोग्लोबिन, लोहाचे थेंब पुन्हा सुरू (डोस डॉक्टरांनी ठरवावा). स्तनपान चालूच, चहा बंद, घट्ट मऊ खिचडी तेल-तूप घालून. वजन दोन आठवड्यांनी, 10 जुलैला, याच काट्यावर, उघडे. तेव्हा चिमटीतली पकड पुन्हा पाहावी.