मेन गेट इंटरकॉम : केबिनमध्ये लावलेला कागद

दिवसपाळी आणि रातपाळी दोघांसाठी. रजिस्टरच्या वर भिंतीला चिकटवलाय, काढू नका. पहिले आठ दिवस बघून बोला, नंतर तोंडात बसेल.

साइड गेटचं पॅनल केबिनच्या भिंतीपलीकडे आहे, त्यामुळे बेल वाजवणारा आपल्याला दिसत नाही आणि त्यालाही आपण दिसत नाही, त्याला फक्त आवाज येतो आणि मागनं रिक्षांचे हॉर्न. म्हणून हळू बोला, ओरडू नका, ओरडलं की स्पीकर फाटतो आणि काहीच कळत नाही. बटण दाबल्यावर जरा थांबून बोला, नाहीतर "नमस्कार"मधला "नम" कापला जातो आणि बाहेरच्याला वाटतं आपण "स्कार" का काय म्हणालो. समोरचा बोलत असताना मधे बोलू नका, दोघांचं एकदम झालं की दोघांचं पण कापतं.

बेल वाजली की हेच :

"नमस्कार, मेन गेटवरून सिक्युरिटी बोलतोय. कोणाकडे यायचंय तुम्हाला?"

"कोण?" नाही, "हां बोला" नाही, "काय काम आहे" तर अजिबात नाही. आणि माणूस दिसत नाही तोवर काका-काकू म्हणायचं नाही, फक्त तुम्ही. आवाजावरून वय कळत नाही, मागच्या महिन्यात एका ताईंना काकू म्हणून झालंय आपल्याकडे, त्या आत येऊन बघून गेल्या कोण म्हणालं ते.

पूर्ण बोलणं कसं होतं ते खाली लिहिलंय.

– नमस्कार, मेन गेटवरून सिक्युरिटी बोलतोय. कोणाकडे यायचंय तुम्हाला?
– अहो मी साताऱ्याहून आलोय, पाटलांकडे जायचंय.
– बरं. पाटील आपल्याकडे तीन आहेत हो, विंग आणि फ्लॅट नंबर आहे का तुमच्याकडे?
– थांबा, लिहून आणलाय... डी तीनशे चार.
– डी, डोंबिवलीचा डी? का बी, बदलापूरचा बी?
– बदलापूरचा, बदलापूरचा.
– बी विंग, तीन झीरो चार. आणि वर नाव काय सांगू तुमचं?
– सांगा मामा आलेत.
– सांगतो की, पण आडनाव पण सांगा म्हणजे त्यांना पटकन कळेल.
– शिंदे.
– शिंदे, साताऱ्याहून. वर विचारतो, एक मिनिट थांबा हां. पाऊस आहे, उजव्या हाताला पत्रा आहे त्याच्याखाली उभे राहा.

बी आणि डी इंटरकॉमवर सारखेच ऐकू येतात, दर वेळी विचारा, कंटाळा करू नका. अंबरनाथचा ए, बदलापूरचा बी, चेंबूरचा सी, डोंबिवलीचा डी, ठाण्यातल्या माणसाला लगेच कळतं आणि बाहेरच्याला पण कळतं. दुसरं म्हणजे नंबर आपण सुचवायचा नाही. "तीनशे चारवाले का? जिम आहे ते का?" असं नाही, नंबर त्याच्या तोंडून आला पाहिजे. माहीतच नसेल तर : "मग तुम्ही त्यांना मोबाइलवर लावून विंग आणि नंबर विचारून घ्या, मी इथेच आहे, परत बेल वाजवा." हे म्हणताना आवाज चढवायचा नाही, तो बिचारा खरंच विसरलेला असतो बऱ्याचदा.

आता वर फोन :

– नमस्कार, मेन गेटवरून बोलतोय. बी तीनशे चारच ना?
– हो दादा, बोला.
– ताई, गेटवर शिंदे म्हणून आलेत, साताऱ्याहून, मामा आहे म्हणतायत. पाठवू का?
– अय्या मामा! कळवलं पण नाही त्यांनी. पाठवा पाठवा.
– पाठवतो. फक्त ताई, बी विंगची लिफ्ट सकाळपासून बंद आहे, तीन मजले चढायला लागतील त्यांना.
– हो का, मग थांबा, मुलाला पाठवते खाली.
– चालेल, तोपर्यंत केबिनजवळ खुर्चीवर बसवतो.

फ्लॅट नंबर आधी खात्री करायचा, मग नाव, मग कुठून, मग "पाठवू का". लोक "पाठवू का" आधी म्हणतात आणि वरचा माणूस झोपेत "हो" म्हणून टाकतो. अशानं एकदा वॉटर प्युरिफायर विकणारा डी विंगमध्ये सात मजले फिरून आला, प्रत्येक घरी "खालून पाठवलंय" सांगत.

परत बाहेर :

– शिंदे मामा, ऐकू येतंय का? वर बोललो, या आत. दार ढकला, कट्ट आवाज येईल. केबिनमध्ये एवढी एंट्री करा, नाव, मोबाइल नंबर आणि वेळ, भाचीचा मुलगा येतोय न्यायला.

आता नातं कळलंय म्हणून मामा म्हटलं तर चालतं, बरं वाटतं ऐकणाऱ्याला. आधार कार्ड मागायचं नाही, फोटो काढून तर अजिबात ठेवायचा नाही.

वर रिंग जातेय पण कोणी उचलत नाही, हे रोजचं. दोनदा लावा. मधे माणसाला नुसतं उभं ठेवू नका, परत बटण दाबून बोला :

"वर रिंग जातेय, अजून उचललं नाहीये, परत एकदा लावतो हां."

तरी नाही उचललं तर :

"इंटरकॉमला उत्तर येत नाहीये. तुम्ही त्यांना मोबाइलवर लावा आणि केबिनला फोन करायला सांगा, ते बोलले की लगेच सोडतो."

यापलीकडे एक शब्द नाही. ते घरी आहेत का, कधी येतात, गाडी आहे का खाली, काही नाही. मागे एका नवीन मुलानं पॅनलवर सांगून टाकलं "ते गावाला गेलेत, सोमवारी येतील", स्पीकर रस्त्याकडे, बसस्टॉपवरच्या सगळ्यांनी ऐकलं. चांगल्या मनानंच सांगितलं होतं त्यानं, पण चार दिवस त्या घरच्यांची झोप उडाली. रहिवाशाचा मोबाइल नंबर पण द्यायचा नाही, कितीही गयावया केली तरी. "नंबर आम्ही देत नाही हो, सगळ्यांनाच नाही देत" एवढं म्हणा, माणसाला वाटत नाही की आपल्यालाच अडवलं.

वरच्याला भेटायचंच नसेल तर तो म्हणतो "सांगा घरी नाहीये". आपण खोटं सांगायचं नाही आणि त्याचा राग पण खाली पोचवायचा नाही.

वर : "बरं साहेब, आत्ता भेटता येणार नाही असं सांगतो."

खाली : "वर विचारलं, आत्ता भेटता येणार नाही असं कळवलंय. तुम्ही फोनवर बोलून घ्या त्यांच्याशी. काही पाकीट वगैरे द्यायचं असेल तर तुमचं नाव लिहून केबिनमध्ये ठेवू शकता."

वाद घातला तर तेच वाक्य परत, त्याच आवाजात. तिसऱ्या वेळेला सुपरवायझरला बोलवा.

डिलिव्हरीवाल्याला घाई असते, त्याच्याशी थोडक्यात : "नमस्कार दादा, विंग आणि फ्लॅट? कोणाचं पार्सल?" आणि वर : "नमस्कार, मेन गेटवरून. तुमचं जेवणाचं पार्सल आलंय, वर पाठवू का केबिनमध्ये ठेवून घेऊ?" ओटीपी आपण विचारायचा नाही, वरच्यानं इंटरकॉमवर सांगायला सुरुवात केली तर थांबवा, "ताई ओटीपी मला नको, त्यालाच सांगा." हिंदी बोलणारा असेल तर हिंदीत बोला, त्यात कमीपणा काही नाही.

मीटर, गॅस, केबल कोणी पण असो, आधी "ओळखपत्र केबिनच्या काचेला दाखवा प्लीज", मग वर फोन. पोलिस आले तर नमस्कार करून आत घ्या, नाव आणि पोलिस स्टेशन लिहा आणि सेक्रेटरींना लावा. कुठल्या फ्लॅटचं काय याची चर्चा पॅनलवर नाही.

ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड : काही विचारायचं नाही, मोठं गेट उघडायचं, उघडता उघडता विंग विचारायची. मग वर फोन : "मेन गेटवरून, ॲम्ब्युलन्स आत आलीये, सी विंगला येतेय, कोणीतरी लिफ्ट धरून ठेवा." इथे नमस्कार नाही म्हटलं तरी चालतं. रहिवाशाचाच घाबरून फोन आला तर विचारा 108 ला लावलंय का, नसेल तर आपण लावा, आगीला 101, गॅसचा वास येत असेल तर 1906, आणि काहीच सुचलं नाही तर 112.

वरून केबिनला फोन येतो तेव्हा :

"नमस्कार, मेन गेट. बोला."

समजा रात्री साडेबाराला :

– अहो माझ्या गाडीच्या मागे कोणीतरी गाडी लावलीये, मला पहाटे एअरपोर्टला जायचंय!
– नमस्कार साहेब, कुठल्या विंगमधून बोलताय?
– ए, दोनशे एक.
– अंबरनाथचा ए, दोनशे एक. मागच्या गाडीचा नंबर दिसतोय का वरून? नाही, असू द्या, मीच बघून येतो. तुम्हाला किती वाजता निघायचंय?
– चारला.
– पाच मिनिटांत बघून तुम्हाला उलट फोन करतो. गाडी व्हिजिटरची असेल तर रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबर असणारच, त्यांना सांगून काढायला लावतो.

आणि पाच मिनिटांत फोन करायचाच, गाडी सापडली नसली तरी. "साहेब अजून शोधतोय" एवढं पण पुरतं, नाहीतर ते चिडून लेंग्यावर खाली येतात आणि मग सगळी विंग जागी.

रहिवासी स्वतः चालत आला आणि तुम्ही नवीन, ओळखत नाही, तर लाजू नका : "नमस्कार, मी नवीन आहे इथे, माफ करा, कुठल्या फ्लॅटमध्ये राहता तुम्ही?" बहुतेक लोक हसून सांगतात. एखादा म्हणतो "बारा वर्षं राहतोय मी इथे!" तर "बरोबर आहे साहेब, उद्यापासून ओळखेन", आणि खरंच ओळखा, परत विचारू नका त्याला.

गणपतीत वेगळं. दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस, संध्याकाळी सात ते दहा पॅनल थांबतच नाही, एकेका घरी तीस-चाळीस माणसं दर्शनाला. तेव्हा ज्यांच्याकडे गणपती आहे त्यांना दुपारीच फोन करा : "नमस्कार, मेन गेटवरून. तुमच्याकडे आज दर्शनाला येणाऱ्यांना नाव लिहून सरळ पाठवू का, का प्रत्येक वेळी विचारू?" जे काय सांगतील ते पाटीवर लिहा. आणि पॅनलवर : "नमस्कार, या. दर्शनाला ना? कोणाकडे?... हो, त्यांनी सांगून ठेवलंय, या आत, चपला विंगखाली रॅकमध्ये काढा." सोसायटीच्या मांडवात येणाऱ्यांना पण रजिस्टर आहे, विसरू नका.

सी सातशे दोनच्या आजींना कमी ऐकू येतं. रिंग दहा वेळा जाऊ द्या, त्या चालत येतात फोनपर्यंत. त्यांच्याशी असं बोला : "आजी, नमस्कार. गेटवरून. तुमची, नात, आलीये. पाठवतो." त्या दोनदा "कोण?" विचारतील, मग जेवलास का विचारतील. जेवलो म्हणा, नसलात जेवलेले तरी, नाहीतर डबा घेऊन खाली येतात सात मजले.