राष्ट्रीय विज्ञान दिन : विद्यार्थिनी सूत्रसंचालिकेचे प्रारंभीचे निवेदन

सर्वांना सस्नेह नमस्कार.

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या शिक्षणसंस्थेचे आदरणीय कार्याध्यक्ष, आमच्या निमंत्रणाला मान देऊन आवर्जून उपस्थित राहिलेले प्रमुख पाहुणे, आदरणीय मुख्याध्यापिका बाई, पर्यवेक्षक सर, पालक-शिक्षक संघाच्या उपाध्यक्षा, माझे सर्व गुरुजन, शिक्षकेतर कर्मचारी, बहुसंख्येने उपस्थित असलेले पालक आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आयोजित केलेल्या या सभेत मी, इयत्ता नववी ‘ब’ची विद्यार्थिनी, आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते.

माननीय अध्यक्ष महोदय, गेल्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात आपण प्रत्येक टेबलापाशी थांबला होता आणि पाचवीच्या मुलांनाही ‘हे असे का होते?’ असे विचारले होते. त्या एका प्रश्नाची तयारी या वर्षी प्रत्येक गटाने केली आहे. आपले सभेत आदरपूर्वक स्वागत.

आजचे प्रमुख पाहुणे भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि आम्हांला विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ते याच शाळेचे माजी विद्यार्थी आहेत. त्यांचा सविस्तर परिचय थोड्या वेळाने आमच्या विज्ञानाच्या बाई करून देणार आहेत. मी एवढेच सांगते की आज सकाळी शाळेत आल्यावर सर आधी प्रयोगशाळेत गेले आणि खिडकीजवळच्या जुन्या लाकडी टेबलावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. सर, आपल्याच शाळेत आपले स्वागत करण्याची संधी मला मिळाली, याचा मला फार आनंद आहे.

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, पर्यवेक्षक सर आणि सर्व गुरुजन, आपणांस माझा विनम्र नमस्कार. प्रयोग फसला तर तो वहीतून खोडायचा नाही, तारीख घालून तसाच ठेवायचा, अशी शिस्त आपण आम्हांला लावली. आजच्या प्रदर्शनात काही गटांनी आपले फसलेले प्रयत्नही मांडले आहेत, ते याच शिकवणुकीमुळे. भाषेच्या शिक्षकांनी आमचे माहितीफलक तपासून दिले, चित्रकलेच्या सरांनी आकृत्या नीटनेटक्या करून घेतल्या, आणि मधल्या सुट्टीतही आमच्या शंकांना कोणी कधी नाही म्हटले नाही. त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.

आता मी आमच्या शाळेच्या कार्यालयातील सर्व कर्मचारी, प्रयोगशाळा परिचर काका आणि शिपाई काका-मावशी यांचे स्वागत करते. अशा सभेत हे नाव पुष्कळदा एका श्वासात घेतले जाते; आज मला त्यासाठी थोडा अधिक वेळ हवा आहे, आणि त्याचे कारण आजच्याच दिवसाशी जोडलेले आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली कोलकात्यात सरकारी वित्त खात्यात नोकरीला लागले आणि कचेरीच्या वेळेआधी व नंतर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेच्या प्रयोगशाळेत संशोधन करू लागले. तेथे आशुतोष डे नावाचे एक साहाय्यक होते. पुढे अनेक वर्षे ते रामन यांचे प्रयोगांतील सोबती झाले आणि शोधनिबंधांवर रामन यांच्या नावासोबत त्यांचेही नाव छापले गेले. आमच्या प्रयोगशाळेचे दार रोज पावणेसातला उघडते, चंचुपात्रे आणि परीक्षानळ्या धुऊन उलट्या ठेवलेल्या असतात, भिंगे मऊ फडक्यात गुंडाळलेली असतात. काका, हे सर्व आपण करता म्हणून आमचे प्रयोग वेळेवर सुरू होतात. आपले आणि आपल्या सर्व सहकाऱ्यांचे मी आदराने स्वागत करते.

उपस्थित पालकहो, आपणा सर्वांचे हार्दिक स्वागत. आपल्यापैकी अनेकजण आज कामावरून रजा घेऊन आले आहेत, काहीजण रात्रपाळी संपवून थेट इकडे आले आहेत. माझ्या गटातील एका मैत्रिणीची आई परवा रात्री घरचे सगळे आवरून झाल्यावर अर्धा तास हातात विजेरी धरून उभी होती, कारण पाण्याच्या पेल्यातून भिंतीवर पडणारे सात रंग आम्हांला कागदावर उतरवून घ्यायचे होते. हात अवघडला तरी त्यांनी विजेरी हलू दिली नाही. तो कागद आज खोली क्रमांक चारमध्ये लावला आहे आणि त्या ताई इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. प्रत्येक घरात असे काही ना काही घडले आहे, याची आम्हांला जाणीव आहे.

आणि आता माझे विद्यार्थी मित्रमैत्रिणी. पुढे सतरंजीवर बसलेल्या पाचवीच्या छोट्या दोस्तांपासून पुढच्या आठवड्यात परीक्षेला बसणाऱ्या दहावीच्या दादा-ताईंपर्यंत सर्वांचे मनापासून स्वागत. ज्यांचे प्रकल्प मांडले गेले त्यांचे तर आहेच. परंतु ज्यांचा प्रकल्प या वेळी निवडला गेला नाही आणि तरीही ज्यांनी काल सायंकाळी दुसऱ्यांसाठी बाक उचलले, तक्ते चिकटवले, वायरी जोडून दिल्या, त्यांचे मी विशेष प्रेमाने स्वागत करते.

आज २८ फेब्रुवारी. १९२१ साली युरोपच्या प्रवासात भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून रामन यांना प्रश्न पडला की हा रंग नेमका येतो कोठून. आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून समुद्र निळा दिसतो, असे तेव्हा मानले जात होते. त्यांनी साध्या उपकरणाने पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवून पाहिला, तरीही निळा रंग दिसतच राहिला. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे त्यांच्या ध्यानात आले. तोच धागा धरून केलेल्या कामातून, के. एस. कृष्णन यांच्या साथीने, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी असे दिसून आले की द्रवातून जाणाऱ्या एकरंगी प्रकाशाचा अगदी अल्प भाग आपला रंग किंचित बदलून बाहेर पडतो. हाच ‘रामन परिणाम’. त्यासाठी त्यांना १९३० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९८७ पासून हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो.

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी सर्वांना नम्र विनंती आहे की आपले मोबाइल फोन कृपया शांत ठेवावेत. सभेनंतर तळमजल्यावरील सहा खोल्यांत प्रदर्शन खुले होईल. पालकांनी प्रथम पाचवी-सहावीच्या मुलांचे प्रकल्प पाहावेत, कारण ती मुले सकाळपासून आपली वाट पाहत आहेत.

माननीय अध्यक्ष महोदय आणि प्रमुख पाहुणे यांना मी विनंती करते की त्यांनी सर रामन यांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण करावा. मुख्याध्यापिका बाईंनी त्यांच्यासोबत यावे. त्यानंतर विज्ञान विभागप्रमुख बाईंनी प्रास्ताविक करावे, अशी मी त्यांना विनंती करते.