चिनूच्या तापाचं, ताई हे वाच
ताई, थर्मामीटर काखेत बीप होईपर्यंत धर, काखेत जरा कमीच दाखवतो. तो सेल्सिअसमध्ये आहे, १.८ ने गुणून ३२ मिळव की फॅरनहाइट, म्हणजे ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. ३८ च्या वर ताप धर, पण खेळत असेल, पाणी पीत असेल तर घाबरू नकोस, आकड्यापेक्षा पोराकडे बघ. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच, ६ तासांनी, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. ४० च्या वर गेला, फिट आली, धाप लागली, मान आखडली, उठवून उठेना, ८ तास शू नाही किंवा दाबूनही न जाणारे पुरळ दिसले तर मला फोन नंतर, आधी हॉस्पिटल. आणि छोटीला, २ महिन्यांचीच आहे ना, ३८ दिसला तरी लगेच ने.