ओवीचा चौथा चरण

ती. स्व. आजी,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने ओरडून बोलावं लागतं. जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि ओळींमध्ये जागा सोडलीय. चष्मा लावून सावकाश वाच, एका बैठकीत संपवायची काही घाई नाही.

परवा सकाळी पीठ मळत होते. खिडकी उघडी होती, घरात कुणी नव्हतं. पाच-दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी काहीतरी गुणगुणतेय. काय ते कळायच्या आधी हात थांबले. तुझी चाल होती, आजी! परातीत मूठ दाबायची त्या ठेक्यावर पहिला शब्द, पीठ उलटायचं तेव्हा दुसरा. मी ठरवून आठवायला बसले असते तर एक अक्षर आलं नसतं. हातांनी आठवलं म्हणून आलं.

मग तशीच उभी राहून पूर्ण म्हटली:

ऊन आलं दारावर,
दारातून पाटावर,
सावली ही ओट्यावर,
कुणाची गं?

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. लहानपणी मला 'सावली' ऐकूच यायचं नाही, मी 'सावळी' ऐकायचे. मला वाटायचं, सावळी नावाची कुणी मुलगी आहे, आपल्या नात्यातलीच, आणि ती ओट्यावर येऊन बसते. तू स्वयंपाकघरातून बाहेर गेलीस की मी ओट्याखाली, डब्यांच्या मागे बघून यायचे. ती सापडली नाही याचं मला खरंच वाईट वाटायचं. खूप वर्षांनी, एका दुपारी माझ्याच ओट्यावर माझी सावली पडलेली पाहिली, तेव्हा ओळ उलगडली. पण मनातली सावळी काही गेली नाही. अजूनही ती ओळ म्हणताना मला एक मुलगी पाय हलवत बसलेली दिसते.

दुधाचं गाणं आठवतं का? तू घड्याळाकडे कधी बघायची नाहीस. दूध गॅसवर ठेवलं की गाणं सुरू, आणि तिसरं कडवं संपता संपता तुझा हात बटणाकडे जायचा. पातेल्याकडे पाठ असायची तरी. मला ती जादू वाटायची. मागच्या आठवड्यात मी तसं करून पाहिलं. दुसऱ्याच कडव्यात दूध उतू गेलं. माझी शेगडी तुझ्यापेक्षा तेज आहे. दुसऱ्या दिवशी आच कमी केली आणि पुन्हा म्हटलं, तर चौथं कडवं संपलं तरी साय हललीसुद्धा नाही. तेव्हा कळलं की तू नुसतं गात नव्हतीस. आच मंद असली की तू मधे 'हूं हूं' करत एक आवर्तन जास्त घ्यायचीस, आच मोठी असली की शब्द भरभर उरकायचीस. मी समजायचे, आजीला आज घाई आहे. घाई दुधाला असायची. चार दिवस झाले, आता माझंही जमतंय. तिसऱ्या कडव्याला फुगा येतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते.

मी नऊ वर्षांची होते. अंगात ताप होता, शाळा बुडली होती. तू मला आतल्या खोलीत निजवून गेलीस, पण मला एकटीला भीती वाटली म्हणून मी पांघरूण ओढत येऊन स्वयंपाकघराच्या दाराआड बसले. तू विळीवर काहीतरी चिरत होतीस, पाठमोरी. आणि गात होतीस. पण आवाज तुझा नव्हता. म्हणजे तुझाच, पण खाली उतरलेला, जणू कुणाला ऐकू जाऊ नये असा.

नदीपल्याड ते दार,
दारी दिवा मंद फार,
मधी पाणी हे अपार,

आणि तिथे तू थांबलीस. विळीवरचा हातही थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच थांबलीस. तीनदा तरी. तेवढ्यात बाहेर कुणाची तरी चप्पल वाजली आणि तू श्वासही न घेता 'ऊन आलं दारावर' सुरू केलंस. आवाज वर आला, हात चालू लागला. आत येणाऱ्याला काहीच कळलं नाही. मला कळलं, पण काय कळलं ते सांगता येत नव्हतं.

आज सांगता येतंय. दोन्ही ओव्यांची चाल एकच आहे! परवा पीठ मळता मळता मी एकीतून दुसरीत गेले आणि सांधासुद्धा लागला नाही. म्हणून तुला ते इतकं सहज जमायचं. एकाच चालीत तू उजेडाची ओवी ठेवली होतीस आणि ही दुसरीसुद्धा, आणि कुणी आलं की वरची पुढे करायचीस. आईला विचारलं, तुला आजीची ती नदीची ओवी आठवते का? ती म्हणाली, आई तर नेहमी उन्हाचंच म्हणायची. तिने दुसरी कधी ऐकलीच नाही. तिच्या पावलांचा आवाज तुला लांबूनच येत असणार.

चोरून ऐकलं म्हणून रागावू नकोस. इतकी वर्षं बोलले नाही, कारण जे तू झाकून ठेवत होतीस ते मी उघडं करू नये असं वाटायचं. आताही मनात तीच धाकधूक आहे. पण त्याहून मोठी भीती ही की ती ओवी माझ्यापाशी तीनच चरणांची राहील. ओवीचा जीव त्या शेवटच्या आखूड चरणात असतो. तीन चरण यमकात धावत येतात आणि चौथा त्यांना टेकायला जागा देतो. मी माझे शब्द घालून पाहिले. 'कशी येऊ', 'सांगू कुणा', 'वाट दे गं'. चालीत बसतात सगळे, पण ओठांवर परके वाटतात. वहीत लिहिले आणि खोडले.

तो चरण तू गिळत होतीस की तुलाही आठवत नव्हता? आणि ते दार कुणाचं होतं, आजी? तुझ्या आईचं? की अशा कुणाचं, ज्याबद्दल आम्ही कधी विचारलंच नाही? नाव सांगायचं नसेल तर नको सांगूस. नुसता चरण दे. दोन-तीनच शब्द असतील.

मी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येतेय, दोन रात्री राहणार आहे. स्वयंपाकघरात तुझं स्टूल मी खिडकीजवळ ठेवीन, तू बसून राहा, चिरायचं काम माझ्याकडे. आवाज चढत नाही म्हणतेस, तर चढवू नकोस. त्या दिवशी गायलीस तेवढ्याच आवाजात म्हण. मी अगदी जवळ बसेन. आणि तुला ऐकू यावं म्हणून मी म्हणेन ते तुझ्या उजव्या कानाशी म्हणेन, तोच बरा आहे ना अजून?

तोवर लिहावंसं वाटलं तर सोबत माझा पत्ता घातलेलं पाकीट जोडलंय, तिकीट लावलेलं आहे. पेन जाड टोकाचं आहे, हाताला त्रास होणार नाही.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
मनू