2ⁿ > n² : विगमनाने सिद्धता, आणि 5 पासूनच का

प्रश्न: n ही 5 किंवा त्याहून मोठी नैसर्गिक संख्या असेल, तर 2ⁿ > n² हे गणितीय विगमनाने सिद्ध करा.

चाचणीतलं हे उदाहरण बहुतेकांनी सोडवलं आहे आणि मांडणीही बरी आहे. पण n ≥ 5 ही अट सिद्धतेत नेमकी कुठे कामी आली, हे फार थोड्या उत्तरपत्रिकांत दिसलं. म्हणून पूर्ण उत्तर लिहून देतो. वहीत उतरवण्याआधी एकदा शांतपणे वाचा.

आधी नुसत्या किमती घालून बघू.

n = 1 : 2 आणि 1
n = 2 : 4 आणि 4
n = 3 : 8 आणि 9
n = 4 : 16 आणि 16
n = 5 : 32 आणि 25
n = 6 : 64 आणि 36
n = 7 : 128 आणि 49

1 ला विधान खरं आहे, 2 ला बरोबरी, 3 ला वर्ग पुढे, 4 ला पुन्हा बरोबरी. 5 पासून मात्र घात पुढे निघून जातो, तो पुन्हा हाती लागत नाही असं दिसतं. दिसतं एवढंच. n = 1 ला खरं ठरलेलं हेच विधान पुढच्याच ओळीत कोलमडलं, तेव्हा 5, 6, 7 ला जमलं म्हणून पुढे कायम जमेल असं म्हणायची सोय नाही. त्यासाठी विगमन हवं.

सिद्धता

समजा P(n) : 2ⁿ > n².

पाया. n = 5 घेऊ. 2⁵ = 32, 5² = 25, आणि 32 > 25. म्हणून P(5) सत्य आहे.

विगमन गृहीतक. k ≥ 5 अशा कोणत्या तरी एका k साठी P(k) सत्य आहे असे मानू, म्हणजे 2ᵏ > k².

विगमन पायरी. P(k + 1), म्हणजे 2ᵏ⁺¹ > (k + 1)², सिद्ध करायचे आहे.

2ᵏ⁺¹ = 2 · 2ᵏ > 2k² … (गृहीतकावरून)

आता 2k² आणि (k + 1)² यांची तुलना करू.

2k² − (k + 1)² = k² − 2k − 1 = (k − 1)² − 2

k ≥ 5 असल्याने (k − 1)² ≥ 16, म्हणून ही वजाबाकी किमान 14 येते, म्हणजे धन आहे. यावरून 2k² > (k + 1)².

दोन्ही जोडून, 2ᵏ⁺¹ > 2k² > (k + 1)². म्हणून P(k + 1) सत्य आहे.

गणितीय विगमनाच्या तत्त्वानुसार, n ≥ 5 अशा प्रत्येक नैसर्गिक संख्येसाठी 2ⁿ > n². सिद्ध.

पूर्ण गुण एवढ्यावर मिळतात. पण पायरीतली वजाबाकी पुन्हा बघा. (k − 1)² − 2 धन असायला k ≥ 5 लागतच नाही, k = 3 लाही ती 2 येते. म्हणजे पायरी 3 पासूनच चालते. मग विधान 3 पासून खरं का नाही? कारण पायरी फक्त एवढंच सांगते की P(3) खरं *असेल*, तर P(4) खरं. P(3) मुळात खोटं आहे, त्यामुळे त्या पायरीतून काहीच हाती येत नाही. पायरी कुठून चालते आणि पाया कुठे सापडतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि उत्तर ठरतं ते या दोन्हींमधल्या उशिराच्या संख्येवरून. इथे पायरी 3 ला तयार होती, पण पाया 5 ला मिळाला.

n = 1 ची गोष्ट नेमकी उलटी. तिथे पाया आहे, पण k = 1 साठी (k − 1)² − 2 = −2 येते, त्यामुळे पायरी अडते. 'P(1) सत्य आहे, म्हणून पाया झाला' असं लिहून पुढे k ≥ 1 घेतलेल्या उत्तरपत्रिका याच ठिकाणी घसरल्या. 'k² − 2k − 1 > 0 हे उघड आहे' असं त्यात लिहिलं आहे. k = 1 आणि k = 2 घालून पाहिलं असतं, तर ते उघडपणे खोटं आहे हे कळलं असतं.

दुसरी एक मांडणी बऱ्याच ठिकाणी दिसली, ती जशीच्या तशी देतो:

2ᵏ⁺¹ > (k + 1)²
2ᵏ + 2ᵏ > k² + 2k + 1
पण 2ᵏ > k², ते वजा केले
2ᵏ > 2k + 1, हे सत्य आहे
∴ सिद्ध झाले.

पहिलीच ओळ म्हणजे जे सिद्ध करायचं तेच. शिवाय एकाच दिशेच्या दोन असमानता एकमेकींतून वजा करता येत नाहीत. 10 > 5 आणि 9 > 1 या दोन्ही खऱ्या, वजा केल्यावर उरतं 1 > 4. तरीही हे उत्तर मला आवडलं, कारण त्यात एक चांगली सिद्धता उलटी उभी आहे. ती खालून वर वाचा. असमानतांची *बेरीज* बिनधास्त करता येते:

2ᵏ > k² (गृहीतक)
2ᵏ > 2k + 1
बेरीज करून, 2ᵏ⁺¹ > k² + 2k + 1 = (k + 1)²

मधली ओळ तेवढी सिद्ध करायला हवी, आणि तीही सोपी आहे. k ≥ 5 असल्याने k² ≥ 5k = 2k + 3k > 2k + 1, आणि 2ᵏ > k² हे गृहीतक हाताशी आहेच. यात चुकलेलं काहीच नाही, फक्त क्रम सरळ झाला. कच्च्या कामात उत्तराकडून मागे यायला हरकत नाही, पण पक्कं लिहिताना गृहीतकापासून निघा.

वर्गाऐवजी घन घेतला तर पाया आणि पायरी यांतलं अंतर आणखी वाढतं. k चा k + 1 झाला की डावी बाजू दुप्पट होते आणि उजवी (1 + 1/k)³ पट. k = 4 लाच हा गुणक 125/64 म्हणजे 2 पेक्षा कमी आहे, आणि k वाढेल तसा तो घटतच जातो. म्हणजे पायरी 4 पासून तयार. पाया मात्र लांब आहे: 2⁹ = 512, 9³ = 729, अजून जमत नाही. 2¹⁰ = 1024, 10³ = 1000, इथे जमलं. म्हणून 2ⁿ > n³ हे n ≥ 10 साठी.

घरी करायला: 2ⁿ > n⁴ हे कुठून पुढे कायम खरं राहतं ते शोधा आणि सिद्ध करा. n = 16 जवळ जरा जपून, तिथे दोन्ही बाजू 65536 येतात.

द्विपद प्रमेय झालेल्यांसाठी एक विगमनाशिवायची वाटही आहे. 2ⁿ म्हणजे द्विपद सहगुणकांची बेरीज. n ≥ 5 असेल तर पहिले तीन आणि शेवटचे तीन सहगुणक वेगवेगळे असतात, म्हणून

2ⁿ ≥ 2[1 + n + n(n − 1)/2] = n² + n + 2 > n²

n = 4 ला मधला सहगुणक दोन्हीकडून मोजला जातो, म्हणून ही युक्ती तिथे लागत नाही. n = 5 ला एकूण सहगुणकच सहा, त्यामुळे पहिल्या चिन्हाच्या जागी बरोबरी येते: 25 + 5 + 2 = 32.